मेकॅनिकल कीबोर्ड घेण्याआधी बाबांची शिफ्ट बघा

मेकॅनिकल कीबोर्डची, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेल्या कीबोर्डची, हौस लागलेल्या पोराला बाकी सगळं तोंडपाठ असतं. कुठल्या स्विचला किती जोर लागतो, कुठला बोर्ड सेलमध्ये कितीला मिळतो, कोणाच्या व्हिडिओत कसा आवाज येतो, काहीही विचारा. आपल्या टेबलापासून बाबांच्या उशीपर्यंत आवाज कसा पोचतो, हे मात्र त्याने कधी पाहिलेलं नसतं. मग सहा महिने पैसे साठवून आणलेली वस्तू आठव्या दिवशी कपाटावर जाऊन बसते.

हे टाळायचं कसं, ते एका घराचं उदाहरण धरून पाहू. घर कल्पनेतलं आहे, पण नाशिकमध्ये अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. सिडकोत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सोहम नववीत, शाळा सकाळची, एक वाजता घरी येतो. ताई बारावीला. बाबा अंबड एमआयडीसीत तीन पाळ्यांत कामाला, म्हणजे तीन आठवड्यांतून एक आठवडा रात्रपाळी आणि त्या आठवड्यात झोप दिवसाची. सोहमचं टेबल ज्या चार इंची भिंतीला लागून आहे, तिच्या पलीकडे बाबांचा पलंग.

पैसे साठवताना शांततेचा वाटा वेगळा काढा

पहिल्यांदा साठवणारा मुलगा कीबोर्डची किंमत बघतो आणि तेवढ्याच आकड्यामागे लागतो. २,५०० चा बोर्ड असेल तर २,५०० झाले की झालं. चूक इथेच होते, कारण आवाज कमी करायला लागणारं सामान नंतर घ्यावं लागतं आणि तेव्हा डबा रिकामा असतो. घरी तक्रार सुरू झाल्यावर "अजून आठशे रुपये द्या, म्हणजे आवाज कमी होईल" असं आईला सांगून बघा, उत्तर काय येईल ते आधीच माहीत आहे.

म्हणून लक्ष्य बोर्डाच्या किमतीच्या सव्वा ते दीडपट धरायचं. सोहमने ३,५०० धरलं. आठवड्याला १५० रुपये हातखर्च मिळायचा. त्यातले ५० ठेवायचे आणि १०० डब्यात. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली तेव्हापासून दिवाळीपर्यंत वीस आठवडे धरले, तर २,००० होतात. जुनी वह्या-पुस्तकं आणि घरातली रद्दी विकून ३००, वाढदिवसाला आजीने दिलेले ५००, दिवाळीत मामा-आत्याकडून आलेले ७००. झाले साडेतीन हजार.

हातखर्च पूर्ण साठवायचा प्रयत्न करू नये. वर्गातली पोरं शनिवारी मिसळ खायला निघाली की तिसऱ्या आठवड्यात डबा फुटतोच. पन्नास रुपये हातात राहिले तर मिसळ दोघांत एक का होईना खाता येते आणि डबा शाबूत राहतो.

या वीस आठवड्यांत आणखी एक काम करायचं. आवडलेल्या दोन-तीन बोर्डांची किंमत दर रविवारी वहीत लिहायची. सेलच्या दिवशी "६० टक्के सूट" असं लिहिलेलं असतं ते छापील किमतीवर, आणि त्या किमतीला तो बोर्ड कोणी घेत नसतं. वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिलं की खरी सूट शंभर-दोनशेची आहे की काहीच नाही, ते लगेच कळतं.

घेण्याआधी घराची परीक्षा

यासाठी कीबोर्ड लागत नाही. टिचकी वाजणारं एक बॉलपेन आणि खोडरबर लावलेली एक पेन्सिल पुरे. मदतीला ताई.

पहिली फेरी बॉलपेनची. ताईने सोहमच्या टेबलाशी बसून पेनाचं बटण टकटक दाबत राहायचं, टायपिंगच्या वेगाने. सोहमने बाबांच्या पलंगावर उशीला डोकं लावून ऐकायचं, आधी दार उघडं ठेवून, मग बंद करून. हा आवाज बारीक आणि चिरका असतो आणि हवेतून येतो. दार लावल्यावर तो बराच कमी होतो. कमी झाला नाही तर दाराखालच्या फटीला जुना पंचा गुंडाळून लावून पुन्हा ऐकायचं.

दुसरी फेरी पेन्सिलीची. पेन्सिल उलटी धरून रबराचं टोक टेबलावर आपटत राहायचं. हा आवाज टेबलातून भिंतीत, भिंतीतून पलंगात जातो. दार लावून त्याला काही फरक पडत नाही. आता टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं आणि पुन्हा ऐकायचं. फरक बहुतेक घरांत एवढा मोठा असतो की ऐकणाराच विचारतो, "अगं, आता वाजवतेयस ना?" टेबलाला लागून लोखंडी कपाट असेल तर तेही सुटं करायचं, कारण त्याचा पत्रा टेबलाबरोबर घुमतो.

परीक्षा रात्री दहानंतर आणि पंखा बंद करून घ्यायची. हे महत्त्वाचं आहे, त्याचं कारण पुढे येतं.

स्विच निवडताना

प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र स्विच असतो. साधारण चार मिलिमीटर खाली जातो आणि निम्म्या वाटेवर, दोन मिलिमीटरच्या आसपास, अक्षर उमटतं. आवाजाच्या दृष्टीने चार जाती लक्षात ठेवायच्या.

निळा म्हणजे क्लिकी. याच्या आतला दांडा दोन तुकड्यांचा असतो. अक्षर उमटतं त्याच सुमाराला बाहेरचा छोटा तुकडा झटक्याने सुटून खाली आदळतो आणि टिक्‌ वाजतं. बोट कितीही हळू टेकवा, अक्षर उमटायचं तर टिक्‌ होणारच. आवाज हा या स्विचचा दोष नाही, त्याचं कामच ते आहे. म्हणून "मी हळू टाइप करेन" हे निळ्या स्विचच्या बाबतीत दिलेलं वचन पाळता येत नाही.

तपकिरी म्हणजे टॅक्टाइल. वाटेत बोटाला छोटासा उंचवटा लागतो, टिक्‌ नसतं. याला शांत म्हणून विकतात, पण ते अर्धंच खरं आहे. बटण तळाला आपटल्याचा आवाज इथे तेवढाच येतो.

लाल म्हणजे लिनियर. वर ते खाली सरळ, उंचवटा नाही, टिक्‌ नाही. हळू हाताने, तळाला न आपटता टाइप करणाऱ्याच्या हातात हा खरोखर शांत असतो. पण गेम खेळताना कोणी हळू दाबत नाही.

चौथी जात सायलेंट. याच्या दांड्याला वर आणि खाली बारीक रबरी गाद्या असतात, त्यामुळे तळाला लागतानाचा आणि परत वर येतानाचा, दोन्ही आवाज दबतात. बदल्यात बोटाला थोडं गिळगिळीत लागतं. काहींना ते आवडत नाही, पण घरात दिवसा झोपणारं माणूस असेल तर आवडीनिवडीला थोडी मुरड घालावी लागेल.

दिवसा झोपणारं कोणी असलं तर निळा घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. तरी मुलं निळाच घेतात. ती टिकटिक ऐकूनच तर हौस लागलेली असते! शिवाय स्वस्तातल्या बोर्डांत निळा सहज मिळतो.

दुकानात काय बघायचं

एम. जी. रोडवरच्या किंवा कुठल्याही गजबजलेल्या दुकानात कीबोर्डचा आवाज ऐकून निर्णय घेऊ नका. बाहेर रिक्षा, आत पंखे आणि शेजारी गिऱ्हाईक. तिथे निळा स्विचसुद्धा सौम्य वाटतो. दुकानात कानापेक्षा डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा.

पहिलं, बोर्ड हॉट-स्वॅप आहे का ते विचारा. हॉट-स्वॅप म्हणजे स्विच सोल्डर केलेले नसून सॉकेटमध्ये खोवलेले असतात आणि चिमट्याने उपटून बदलता येतात. पहिल्या कीबोर्डसाठी ही एकच गोष्ट अडून घ्यावी. दिवे, चाकं, मनगटाची पट्टी, सगळं सोडलं तरी चालेल. हॉट-स्वॅप नसेल तर एक स्विच बदलायलाही सोल्डरिंग लागतं आणि ते नवशिक्याचं काम नाही.

दुसरं, सॉकेट कुठल्या स्विचला चालतं. स्वस्त बोर्डांत अनेकदा फक्त आउटेमू कंपनीच्या स्विचच्या पिनांसाठी केलेली बारीक भोकं असतात. इतर कंपन्यांच्या स्विचच्या पिना जरा जाड असतात. त्या जोर लावून खुपसल्या तर पिन वाकते, नाहीतर सॉकेट सैल होतं आणि मग मूळ स्विचही नीट लागत नाही. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात "फक्त आउटेमू" असं असेल तर आउटेमूचेच सायलेंट घ्यायचे. तीन पिनांचा बोर्ड आणि पाच पिनांचा स्विच असा मेळ असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. जास्तीचे दोन पाय प्लॅस्टिकचे असतात, ते नेलकटरने सपाट कापले की स्विच बसतो.

तिसरं, स्पेसबार. दोन्ही टोकांना बोट ठेवून आळीपाळीने दाबा. खुळखुळ्यासारखा आवाज आला तर तो लांब बटणाखालच्या तारेचा, म्हणजे स्टॅबिलायझरचा. हे घरी सुधारता येतं, त्यामुळे एवढ्यावरून बोर्ड नाकारायला नको. मात्र स्पेसबार दाबल्यावर वर यायला अडत असेल तर दुसरा नग मागा.

सोहमला जो हॉट-स्वॅप बोर्ड परवडत होता तो ८७ बटणांचा, आउटेमू निळे स्विच लावलेला, २,५०० ला मिळाला. तोच लाल स्विचमध्ये २,९०० ला होता. इथे हिशेब करण्यासारखा आहे. लाल घेतला असता तर टिकटिक मुळातच आली नसती आणि हातात ६०० उरले असते. नुसत्या लाल स्विचने आणि टेबलाखालच्या उपायांनी भागेल असं घर असेल, तर ४०० जास्त देणं शहाणपणाचं. रात्रपाळी करणारा माणूस भिंतीपलीकडे झोपत असेल तर आज ना उद्या सायलेंट स्विच लागतातच, आणि मग वरचे ४०० वाया जातात. त्यामुळे सोहमने निळा घेतला ते या घरापुरतं चुकलं नाही, कारण स्विच बदलायला एक हजार रुपये बाजूला होते.

तक्रार नीट ऐकून घ्या

दिवाळीत कीबोर्ड आला आणि पहिले काही दिवस कोणी काही बोललं नाही. महिनाभराने तक्रारी सुरू झाल्या. कीबोर्ड तोच, टाइप करणारा तोच, मग आवाज वाढला कसा? वाढला नाही, घर शांत झालं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरात पंखे चालू असतात आणि पंख्याच्या घरघरीत टिकटिक झाकली जाते. नाशिकची थंडी पडली की पंखे बंद होतात, खिडक्या लागतात, आणि तोच आवाज उघडा पडतो. परीक्षा पंखा बंद करून घ्यायला सांगितलं ते याचसाठी.

तक्रारीतला शब्द कानात साठवून ठेवा, त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. सोहमच्या घरी तीन जणांनी तीन वेगळे शब्द वापरले.

ताई त्याच खोलीत अभ्यास करायची. ती म्हणाली, "तुझी ती टिकटिक डोक्यात जाते रे." हा निळ्या स्विचचा आवाज, हवेतून येणारा.

बाबा म्हणाले, "भिंतीवर कोणीतरी ठोकतंय असं वाटतं." त्यांना टिकटिक ऐकूच येत नव्हती. दार बंद असल्यामुळे ती अडत होती. त्यांच्यापर्यंत पोचत होतं ते बटण तळाला आपटल्याचं ठोकणं, टेबल आणि भिंतीमार्गे.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय खडखड लावलीयेस मघापासून?" ती स्टॅबिलायझरची खडखड. स्पेसबार, एंटर आणि बॅकस्पेस ही लांब बटणं सारखी दाबली जातात आणि त्यांची तार ढिली असली की आवाज बाकीच्यांपेक्षा वर येतो.

तिघांच्या तक्रारी एकाच उपायाने जात नाहीत. सगळे इथेच फसतात. कोणीतरी सांगतं म्हणून कीकॅपखाली, म्हणजे बटणाच्या वरच्या टोपीखाली, घालायच्या रबरी रिंगा आणतात. त्या तळाला आपटण्याचा आवाज थोडा मऊ करतात, पण निळ्याची टिक्‌ तळाच्या आधीच झालेली असते, तिला रिंग काहीच करत नाही. ताईची तक्रार जशीच्या तशी राहते आणि दीड-दोनशे रुपये जातात.

खात्री करायची असेल तर मोबाइल बाबांच्या उशीवर ठेवून रेकॉर्डिंग लावा आणि एक मिनिट तेच वाक्य टाइप करा. प्रत्येक उपायानंतर मोबाइल त्याच जागी, वाक्य तेच. आवाज मोजणाऱ्या ॲपचा आकडा खरा मानू नका, मोबाइलचा माइक त्यासाठी बनवलेला नसतो. आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग एकामागोमाग ऐकलं की पुरे.

आधी फुकटचे उपाय

बाबांची तक्रार सगळ्यात गंभीर, म्हणून सुरुवात तिथून.

टेबल भिंतीपासून चार बोटं सुटं करा. मागे वायर, पुस्तकं, दप्तर असं काही टेबल आणि भिंत दोघांना टेकलेलं राहिलं तर आवाज त्या वाटेने जातो. मधली जागा पूर्ण रिकामी हवी. टेबलाच्या चारही पायांखाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे कापून ठेवा. टेबल डगमगत असेल तर तुकड्यांची जाडी सारखी करून घ्या, नाहीतर डगमगण्याचा नवा आवाज सुरू होतो.

कीबोर्डखाली योगा मॅटचा तुकडा घाला, कीबोर्डपेक्षा सगळीकडून तीन-चार बोटं मोठा. पाच-सहा मिलिमीटर जाडी पुरते. मॅट नसेल तर सतरंजीची दुहेरी घडी. फार मऊ उशी किंवा रजई नको, कीबोर्ड त्यावर झोके खातो आणि मनगटं दुखतात. कीबोर्डचे मागचे पाय मिटून ठेवा. पाय उघडे असले की सगळा भार दोन लहान टोकांवर येतो आणि मधला भाग पोकळ राहून घुमतो.

एवढ्यावर सोहमच्या बाबांकडचं ठोकणं निम्म्याहून कमी झालं. खर्च शून्य.

खडखड: तारेला ग्रीस

८७ बटणांच्या नेहमीच्या बोर्डात पाच लांब बटणं असतात: स्पेसबार, दोन शिफ्ट, एंटर आणि बॅकस्पेस. प्रत्येकाखाली एक तार असते. तिची वळलेली दोन टोकं प्लॅस्टिकच्या घरांत फिरतात. टोक आणि घर यांच्यात फट असते आणि तिथेच खडखड होते.

यूएसबी वायर काढा. लांब बटणाची कीकॅप टोप्या उपटायच्या तारेच्या पुलरने काढा, एका टोकाला ओढू नका, दोन्ही बाजू थोड्या थोड्या वर आणा. तार दिसेल. तिची टोकं घरात जिथे शिरतात तिथे दात कोरायच्या काडीने सिलिकॉन डायलेक्ट्रिक ग्रीस लावा. प्रत्येक टोकाला मोहरीएवढं, त्याहून जास्त नाही. कीकॅप बसवा आणि बटण पन्नास-साठ वेळा दाबा, म्हणजे ग्रीस पसरतं. खडखड जाऊन ठप्प असा बसका आवाज आला की काम झालं. बटण वर यायला आळस करू लागलं तर ग्रीस जास्त झालंय, काडीला कापूस गुंडाळून पुसून घ्या.

घरातलं खोबरेल, शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे इथे घालू नका. पातळ असल्याने ते ओघळून सर्किटवर आणि शेजारच्या स्विचमध्ये जातं, धूळ धरतं आणि बटणं चिकटायला लागतात. पेट्रोलियम जेलीने सुरुवातीला फरक पडतो, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात ती पातळ होऊन निघून जाते आणि खडखड परत येते. ग्रीसच्या छोट्या ट्यूबला सोहमचे १५० गेले, आणि ती अजून बऱ्याच वर्षांना पुरेल.

टिकटिक: चाळीस स्विचचा हिशेब

राहिली ताईची तक्रार. ती फक्त स्विच बदलून जाते. सगळे ८७ बदलायचे तर, नग २० रुपये धरले तरी, १,७४० लागतात. सोहमकडे उरले होते ८५०. मग कुठले बदलायचे?

आपण सारखी दाबतो ती बटणं थोडीच असतात. इंग्रजी अक्षरांची २६. मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करायचं तर आणखी सहा धरावी लागतात: च साठी `;`, ट साठी `'`, ड साठी `[`, य साठी `/`, शिवाय स्वल्पविराम आणि पूर्णविराम. झाली ३२. स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस मिळून ३५, आणि दोन शिफ्ट मिळून ३७. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, ध अशा अक्षरांना शिफ्ट लागतं, त्यामुळे शिफ्ट सोडून चालत नाही. स्विच दहाच्या पाकिटात मिळतात, म्हणून ४० घेतले. त्यांचे ८०० आणि ५० टपालखर्च. डबा रिकामा झाला, पण हिशेब बसला. वरचे तीन सुटे ठेवायचे, कारण पहिल्यांदा बसवताना एखादी पिन वाकतेच.

आकडे, फंक्शनची ओळ, बाण, कंट्रोल ही पन्नास बटणं निळीच राहतात. दोन जातींचे स्विच एका बोर्डात असले तर बिघडत काही नाही. हाताला फरक कळतो इतकंच. गेमची डब्ल्यू, ए, एस, डी ही बटणं अक्षरांतच आली, त्यामुळे खेळतानाचा मोठा वाटाही शांत होतो.

बदलायची पद्धत अशी. वायर काढलेली हवी. आधी बोर्डाचा फोटो काढून ठेवा, कीकॅप परत लावताना उपयोगी पडतो. एका वेळी एकच ओळ घ्या. स्विचच्या वरच्या आणि खालच्या कडेला बारीक खाचा असतात, डावी-उजवीकडे नाही. स्विच काढायच्या चिमट्याच्या टोकांनी त्या खाचा दाबा आणि हलकं डोलवत सरळ वर ओढा. तिरका ओढला तर स्विच ज्यात बसतात त्या प्लेटला ओरखडे येतात.

नवा स्विच घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटा करून बघा. दोन तांब्याच्या पिना सरळ उभ्या हव्यात. वाकडी असेल तर भुवयांच्या चिमट्याने हळू सरळ करा. पिना भोकांच्या अगदी वर आल्या की अंगठ्याने सरळ खाली दाबा, कट्‌ असं बसल्याचं जाणवतं. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि काढून पुन्हा बघा. आत पिन दुमडली जात असते, किंवा सॉकेट मागून सुटू पाहत असतं.

ओळ झाली की वायर लावून नोटपॅडमध्ये ती ओळ टाइप करा. अक्षर येतच नसेल तर पिन स्विचखाली दुमडली आहे. कधी येतं, कधी नाही किंवा एकदम दोन येतात, तर पिन सॉकेटमध्ये अर्धवट लागलेली आहे. दोन्ही वेळी उपाय तोच, काढा, सरळ करा, बसवा. चांगली सरळ पिन असूनही चालत नसेल तर दुसरा सुटा स्विच लावून पाहा. तोही चालला नाही तर दोष सॉकेटचा, ते काम दुरुस्तीवाल्याकडे.

सगळं मिळून पाऊण ते एक तास लागतो. जुने निळे पाकिटात घालून ठेवा, फेकू नका. त्यांना मागणी असते आणि पुढे वेगळ्या घरात राहायला गेलात तर परत लावता येतात.

पीसीबीच्या, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाच्या, पाठीवर मास्किंग टेप चिकटवणं, केसमध्ये फोम भरणं, स्विच उघडून आत वंगण लावणं, असे उपाय खूप ठिकाणी सांगितलेले दिसतील. त्यांनी आवाजाचा पोत बदलतो, घराच्या तक्रारीवर फारसा परिणाम होत नाही, आणि बोर्ड उघडल्यावर वॉरंटीचा वाद होतो. पहिल्या वर्षी हात लावू नका.

पाळीप्रमाणे वेळ

सायलेंट स्विच म्हणजे मुका कीबोर्ड नव्हे. रात्री शांत घरात तो ऐकू येतो, फक्त टोचत नाही. म्हणून बाबांच्या पाळीचा कागद टेबलासमोर लावायचा आणि त्यावर बाबांच्या झोपेचे तास रंगवायचे.

पहिली पाळी सकाळी सात ते तीन असेल तर बाबा पहाटे उठतात, रात्री साडेनऊनंतर कीबोर्ड बंद. दुसरी पाळी तीन ते अकरा, तर संध्याकाळ पूर्ण मोकळी, पण सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपर्यंत काही वाजवायचं नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात बाबा सकाळी आठच्या सुमारास झोपतात आणि दोन-तीनला उठतात. सोहम एक वाजता घरी येतो, म्हणजे अडचणीचे दोन तास रोज तेवढेच. त्या दोन तासांसाठी जुना साधा मेंब्रेन कीबोर्ड दुसऱ्या यूएसबीत लावून ठेवायचा. दोन्ही एकाच वेळी जोडलेले असले तरी संगणकाला चालतं, काढ-घाल करावी लागत नाही.

ताईची बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. त्या दोन महिन्यांत ती त्याच खोलीत बसणार असेल तर तिला विचारूनच वेळ ठरवायची, मग स्विच कुठलाही असो. आणि गेम खेळताना हेडफोन लावलेला असला की आपण किती जोरात बटणं बडवतोय ते स्वतःला कळत नाही. त्या वेळी एक कान उघडा ठेवायचा.